एकसामयिक समीकरणांचा वर्कशीट संच: उत्तरसूचीसकट काही महिने वापरल्यावर

दहावीच्या गणित भाग 1 मधलं पहिलं प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, यासाठी हा छापील संच मी जूनमध्ये घेतला. सहामाही होऊन गेली तरी क्लासमध्ये तो चालू आहे. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, कारण अशाच चुका इतर उत्तरसूचींतही पाहिल्यात.

आधी जमेची बाजू. कागद बरा आहे, पेनाची शाई मागे उमटत नाही. उदाहरणांचा क्रम विचारपूर्वक लावलाय: आधी लोप पद्धत, मग आलेख, मग क्रॅमर, शेवटी शाब्दिक उदाहरणं. सोडवायला जागाही पुरेशी आहे. अडचण आहे ती शेवटच्या दोन पानांवर, म्हणजे उत्तरसूचीत. मुलाचं उत्तर बरोबर असतं, सूचीत वेगळं दिसतं, आणि तो स्वतःचं खोडून पुन्हा चुकीच्या वाटेला लागतो. त्यामुळे झेरॉक्स काढण्याआधी सूची तपासायची, हे आता ठरूनच गेलंय.

सगळी उदाहरणं नव्याने सोडवत बसायची गरज नाही. सूचीतली जोडी मूळ समीकरणांत घालायची, डाव्या बाजूतून उजवी वजा करायची आणि उरलेला फरक पेन्सिलने शेजारी लिहायचा. शून्य आलं तर पुढे. मात्र ताळा दोन्ही समीकरणांत करायचा. सूची करणाऱ्याने x चुकीचा काढला तरी तो कुठल्यातरी एका समीकरणात घालूनच y काढलेला असतो, म्हणून त्या समीकरणात जोडी हमखास बसते. एकावर भागवलं तर अशी चूक निसटते.

शून्य आलं नाही की आणखी एक प्रश्न उरतो: चूक उत्तरात आहे की प्रश्नच चुकीचा छापलाय? इथे तो फरक बरंच सांगून जातो. या संचात असं एक उदाहरण आहे:

4x + 3y = 11
5x + 2y = 8

सूचीत (2, 1). पहिल्यात 8 + 3 = 11, जुळलं. दुसऱ्यात 10 + 2 = 12, हवे होते 8, फरक 4. आता 2y या पदाची किंमत इथे 2 आहे आणि फरक बरोबर तिच्या दुप्पट. पदाचं चिन्ह उलटं झालं की फरक त्या पदाच्या दुप्पटच येतो. म्हणजे मूळ समीकरण 5x − 2y = 8 असावं आणि छपाईत उण्याचं अधिक झालं. छापलंय तसंच सोडवलं तर x = 2/7, y = 23/7 येतं. बाकी सगळ्या पानावर पूर्णांक उत्तरं असताना मधेच सातचा छेद, हा दुसरा पुरावा. अर्थात पूर्णांक उत्तर आलं म्हणजे प्रश्न बरोबर छापलाय असं नाही. चिन्ह बदलूनही कधीकधी सरळ उत्तर निघतं.

याच उदाहरणाला सूचीत (5, −3) असतं तर? पहिल्यात 20 − 9 = 11, छान. दुसरं मूळच्या रूपात, 5x − 2y = 8 असं धरलं तर 25 + 6 = 31, फरक 23. पदं आहेत 25 आणि 6, उजवीकडे 8. यांपैकी कशाचीच दुप्पट 23 होत नाही. अशा वेळी छपाईपेक्षा आकडेमोडीचा संशय घ्यायचा आणि ते एक उदाहरण स्वतः सोडवायचं.

तिसरा प्रकार क्रॅमरच्या पानावर सापडला. 2x − 7y = 20 आणि 5x + 3y = 9, सूचीत (3, 2). दोन्हीकडे बिघडतं: पहिल्यात 6 − 14 = −8, फरक −28; दुसऱ्यात 15 + 6 = 21, फरक 12. पहिल्यातलं y चं पद −14, दुसऱ्यातलं 6, आणि दोन्ही फरक आपापल्या पदाच्या दुप्पट. एकाच चलाचं चिन्ह दोन्ही समीकरणांत एकदम चुकीचं छापलं जाण्यापेक्षा सूचीतलंच उणे चिन्ह गळालेलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. निश्चयकांनी खात्री होते: D = 6 + 35 = 41, Dx = 60 + 63 = 123, Dy = 18 − 100 = −82. म्हणून x = 3, y = −2. इथे प्रश्न ठीक आहे, फक्त सूचीत दुरुस्ती करायची.

सूची लांब असेल तर मी स्प्रेडशीट वापरते. A ते F मध्ये दोन्ही समीकरणांचे सहगुणक आणि स्थिरपदं, G आणि H मध्ये सूचीतले x, y:

```
I2: =A2*G2+B2*H2-C2
J2: =D2*G2+E2*H2-F2
K2: =A2*E2-B2*D2
```

I आणि J म्हणजे दोन फरक, K म्हणजे D. अपूर्णांक `=2/7` असा बरोबरच्या चिन्हासह भरा. नुसतं 2/7 लिहिलं की तारीख होऊन बसते. समीकरण y = 2x − 19 अशा रूपात असेल तर सामान्य रूपात आणताना आपल्याच हातून चिन्ह बदलू शकतं, म्हणून तेवढी उदाहरणं मी हातानेच तपासते.

K चा रकाना उगाच नाही. 2x − 3y = 1 आणि 6x − 9y = 3 या जोडीला सूचीत (2, 1) असं एकच उत्तर दिलंय. ताळा दोन्हीकडे चोख बसतो! पण D = −18 + 18 = 0; दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याची तिप्पट, आणि उकली अनंत. आधी उत्तर ठरवून मग समीकरणं रचली की असं होतं. नुसत्या ताळ्याने ही चूक कधीच सापडणार नाही, आणि (5, 3) लिहिणाऱ्या मुलीला आपण उगाच चूक देऊन बसतो.

शाब्दिक उदाहरणांत तर स्प्रेडशीटचा उपयोग नाहीच. एक उदाहरण असं: दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज 9, अंकांची अदलाबदल केली तर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा 27 ने मोठी. सूचीत 63. तिथे x + y = 9 आणि x − y = 3 अशी समीकरणं मांडलीत, x दशकस्थानी; त्या समीकरणांत 6 आणि 3 व्यवस्थित बसतात. पण 63 चे अंक उलटले की 36, म्हणजे 27 ने लहान. हवं होतं y − x = 3, आणि उत्तर 36. इथे ताळा समीकरणांत करून भागत नाही, प्रश्नातल्या वाक्यांशी पडताळायला लागतं. वयाच्या, नाण्यांच्या उदाहरणांतही असंच बघते. शिवाय प्रश्नात विचारलंय ते आणि सूचीत दिलंय ते एकच आहे का, हेही. वडिलांचं वय विचारलेलं असताना सूचीत मुलाचं, असं एका ठिकाणी आहेच.

संच पुन्हा घेईन का? हो, सरावासाठी घेईन. लोप पद्धतीची पानं तपासून जशीच्या तशी देता येतात. क्रॅमरच्या पानांवर मी सूचीत लाल पेनाने चिन्हं सुधारून मगच झेरॉक्स काढते. शाब्दिक उदाहरणांची छापील सूची मात्र मी देणं बंद केलंय. त्याऐवजी समीकरणं, उकल आणि वाक्याशी केलेला ताळा असं हाताने लिहिलेलं एक पान देते. किंमत बघता दोन पानांची सूची नीट तपासून छापायला हरकत नव्हती.