मानवी हक्कांच्या निबंधासाठी उदाहरण कोणतं: कंट्रोलचं धान्य की कर्जाचा खटला?

‘मानवी हक्कांचे जाहीरनामे अमलात आणता येतात का?’ हा निबंध दिला की माझ्या वर्गातल्या मुलांसमोर दोन उदाहरणं येतात. एक कंट्रोलच्या दुकानातलं धान्य, दुसरं थकलेलं कर्ज. दोन्ही आपल्या गावातलीच. त्यातलं कोणतं घ्यावं, ते ठरवण्यासाठी हे लिहितोय.

आधी धान्याचं. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वैश्विक जाहीरनामा मंजूर केला. बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. त्याच्या कलम २५ मध्ये अन्न आहे, पण तो ठराव होता, करार नव्हता. धान्य मिळालं नाही म्हणून त्या कलमावर बोट ठेवून कोणाकडे अर्ज करायचा, याचं उत्तर त्यात नाही. उत्तर आलं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. धान्य दिलंच नाही तर राज्य सरकारने भत्ता द्यायचा. तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे समाधान झालं नाही तर राज्य अन्न आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग पाच हजारांपर्यंत दंड करू शकतो. मशीनने अंगठा घेतला नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या आजीला याच कायद्याचा आधार आहे, १९४८ च्या जाहीरनाम्याचा नाही.

हे उदाहरण सोपं आहे आणि आकडे पाठ होतात. पण निबंधात एक अडचण येते. संसदेने कायदा केला म्हणून हक्क मिळाला, एवढंच त्यातून सिद्ध होतं. कायदा झालाच नसता तर काय, हा परीक्षकाच्या मनातला प्रश्न तसाच राहतो.

कर्जाचं उदाहरण नेमकं तिथे कामी येतं. जाहीरनाम्यातल्या हक्कांना कराराचं रूप देण्यासाठी १९६६ मध्ये दोन करार झाले. त्यातल्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं कलम ११ सांगतं की केवळ करारातली देणी फेडता येत नाहीत म्हणून कोणालाही तुरुंगात टाकता येणार नाही. १० एप्रिल १९७९ ला भारत या करारात सामील झाला. पण आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ तर कर्जदाराला दिवाणी तुरुंगात ठेवायची मुभा देतं. मग खरं कोणतं धरायचं?

१९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बँकेकडे पैसे वसूल करायचा न्यायालयाचा निकाल, म्हणजे हुकूमनामा, होता आणि अटकेचं वॉरंट निघालं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आधी साफ सांगितलं की करारावर सही झाली म्हणून तो आपोआप भारतातला कायदा होत नाही. पण मग कलम ५१ वाचताना त्यांनी करार आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं घटनेचं कलम २१ दोन्ही समोर ठेवले. नुसतं देणं थकलं एवढ्यावर अटक नाही. ऐपत असून मुद्दाम टाळाटाळ केली, अप्रामाणिकपणा केला, असं दिसायला हवं. वॉरंट रद्द झालं आणि ऐपतीची चौकशी करायला प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं.

आता हेच आपल्याकडे लावून बघा. समजा एका कास्तकाराचा कापूस बोंडअळीने गेला, कर्ज थकलं, बँकेने हुकूमनामा मिळवून दरखास्त केली आणि अटक मागितली. न्यायालयाने आधी त्याला ‘तुला तुरुंगात का पाठवू नये’ अशी नोटीस द्यायची. त्याने पीक गेल्याचा पंचनामा, सातबारा, बँकेचं पासबुक दाखवलं आणि ऐपतच नाही असं दिसलं, तर अटक टळते. कर्ज मात्र माफ होत नाही, जप्तीचा रस्ता बँकेला खुलाच राहतो. हा फरक मुलं हमखास चुकवतात आणि ‘कराराने कर्ज रद्द झालं’ असं लिहून गुण घालवतात.

दुसरी मर्यादाही लिहा. कलम ५१ च्या शब्दांत जागा होती, म्हणून न्यायालयाला करार आत आणता आला. कायदा उघडपणे कराराच्या विरुद्ध असता तर कायदाच चालला असता. वर तक्रार न्यायचीही सोय नाही, कारण व्यक्तीची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे नेऊ देणारा जोड-करार भारताने स्वीकारलेला नाही. आपल्यासाठी दार आहे ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं, घटनेच्या कलम २२६ खालच्या रिट अर्जाचं, आणि तिथेही आधार घटनेचाच द्यावा लागतो.

माझं मत सरळ आहे. दीडशे शब्दांचं उत्तर असेल तर धान्य घ्या, वेळ वाचेल. पूर्ण निबंध असेल तर कर्जाचा खटला घ्या आणि सुरुवातच त्या वाक्याने करा की करार आपोआप कायदा होत नाही. वॉरंट तरीही कसं रद्द झालं, ते पुढच्या परिच्छेदात दाखवा. धान्याचा कायदा शेवटी दोन ओळींत आला तरी पुरे.