परवाना नंबर दाखवून ‘ऑरगॅनिक’ तूरडाळ गळ्यात मारली

240 रुपये किलोनं 25 किलो तूरडाळ घेतली. 6,000 रुपये झाले. तशीच डाळ आमच्या बाजारात 140 नं मिळत होती. वरचे 2,500 रुपये गेले ते ‘100% प्रमाणित ऑरगॅनिक’ या छापील ओळीपायी.

कृषी प्रदर्शनातला स्टॉल होता. प्रमाणपत्र कुठं आहे, असं मी विचारलंही. त्यानं पाकिटावरच्या चौदा आकडी नंबरावर बोट ठेवलं, “हा पहा न काका, सरकारी नंबर.” तिथंच ओळखायला पाहिजे होतं! तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना नंबर. चिवड्याच्या पाकिटावरही तोच प्रकार असतो, जैविकशी त्याचा काही संबंध नाही. शेजारी हिरवं पान छापलं होतं. ते कोणताही छापखाना छापून देतो. पाहायचा असतो तो ‘जैविक भारत’चा लोगो, आणि त्यासोबत ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस-इंडिया’चं चिन्ह. पीजीएसमध्येही ‘ग्रीन’ लिहिलं असेल तर ते शेत अजून जैविक होण्याच्या वाटेवर आहे. त्याला पूर्ण जैविकचा भाव देऊ नका.

घरी शेती असून कसे फसले, असं लोक विचारतात. तूर मला ओळखू येते हो! पण तिच्यावर काय फवारलं ते डाळ झाल्यावर कोणाच्या डोळ्याला दिसते? म्हणून तर लेबलावर विश्वास ठेवावा लागते.

नंतर फोन करून प्रमाणपत्र मागितलं. फोटो आला, आणि कागद खरा वाटत होता. पण तो एका शेतकरी गटाच्या नावाचा, पाकीट विकणाऱ्याच्या नाही. पिकांच्या यादीत फक्त कापूस आणि सोयाबीन. आपल्याकडे कपाशीत तूर असतेच, म्हणून कोणी शंका घेत नाही. पण यादीत नसलेलं पीक प्रमाणित होत नाही. शिवाय तूर भरडणारी डाळ मिल आणि पाकीट भरणारा, यांचंही प्रमाणीकरण लागते. त्यांचा कुठं पत्ताच नाही. मुदतही संपलेली. असा कागद हाती आला की नाव, पिकं आणि तारीख आधी वाचा.

कृषी कार्यालयात गेलो तर म्हणे, पाकिटाचं आम्ही पाहत नाही, अन्न खात्याकडे जा. तिथं सांगितलं, शेतकरी थेट विकत असेल तर सूट असते. अरे, ती सूट स्वतःचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला! हा व्यापारी गावोगावचा माल पाकिटात भरून विकते. त्यातही सूटवाल्याला ‘जैविक भारत’चा लोगो लावता येत नाही, हे मीच साहेबांना सांगायचं? अर्ज घेतला, पोच मागितली तर टोलवाटोलवी. नमुना कधी घेणार, त्याचं उत्तर नाही. डाळ विकून तो दुसऱ्या तालुक्यात स्टॉल लावते, आणि पुरावे मात्र मी गोळा करायचे.

बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्याजवळ बिल आहे, रिकामं पाकीटही ठेवलं आहे. आता 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे.