शेततळ्यात बोटुकली किती सोडायची, पाण्यावरून का पसाऱ्यावरून?

आमचं तळं वर ३० बाय ३०, खोल ३ मीटर. पहिल्या वर्षी आपण सरळ ३० गुणिले ३० गुणिले ३ केलं, २७०० घनमीटर आलं, आणि घनमीटरला एक मासा म्हणून २७०० बोटुकली सोडून मोकळे झालो. चूक तिथंच झाली भाऊ, कारण तळ्याच्या बाजू उताराच्या असतात, तळ २४ बाय २४ चाच आहे, म्हणजे खरं पाणी साधारण २२०० घनमीटर, आणि ते पण फक्त पावसाळा संपता संपता.

दुसरा हिशोब पसाऱ्याचा, म्हणजे एकरी २००० बोटुकली. आपलं तळं जेमतेम पाव एकराच्या आत, तर ४५० च बसतात. लै कमी वाटतं ना? पण प्राणवायू वरूनच येतो, हवेतून अन उन्हात शेवाळामुळं, खोल पाण्याला तो फारसा मिळत नाही.

एप्रिलात मीटरभर पाणी उरलं की ६२५ घनमीटर राहतं. ४५० मासे त्यात निभतात, २७०० मधले निम्मे जगले तरी दाटी होते. आमच्याकडं पहाटे कटला वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला तेव्हा कळलं, ऊन वर आलं की परत खाली जायचा.

पाण्यावरून मोजायचंच असेल तर उन्हाळ्यातलं पाणी धरा, भरलेलं नको. एरेटर असेल तर थोडे जास्त चालतील, पण रात्रीची लाईट कोण देतंय आपल्याला? मी तर पसाराच धरतो.