ओबीएस, सात महिन्यांनंतर: ‘सर, तो आठ आहे का सहा?’

जूनपासून जीएसटी आणि एक्सेलचे तास ओबीएस या पडदा रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करून मुलांना पाठवतोय. सॉफ्टवेअर फुकट आहे, वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही, सगळं मान्य. पण पहिले तीन महिने मी जे रेकॉर्ड केलं ते आज बघवत नाही. त्यात दोष माझाच. एका व्हिडिओत बघून सेटिंग जशीच्या तशी टाकली होती, आणि तो व्हिडिओ होता लाइव्ह स्ट्रीमिंगचा.

सप्टेंबरमध्ये एका मुलीचा फोन आला. ‘सर, चौथ्या ओळीत तो आठ आहे का सहा?’ मी लॅपटॉपवर तीच फाइल उघडली, आणि मलाही सांगता येईना. वर ती म्हणाली, ‘एक तास बघितला की दिवसाचा नेट संपतो.’ तिचा प्लॅन रोज दीड जीबीचा, आणि माझी तासाची फाइल जवळजवळ 1.2 जीबी. म्हणजे फाइल एवढी मोठी आणि तरी अक्षर पुसट. दोन्हीकडून मार.

हिशेब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझं सेटिंग होतं CBR, म्हणजे कायम एकच ठरलेला बिटरेट, 2500 Kbps. सेकंदाला 2500 किलोबिट, म्हणजे आठने भागून साधारण 312 किलोबाइट. गुणिले 3600 सेकंद, झाले 1.125 जीबी; आवाजाचे 72 एमबी वेगळे. यात पडद्यावर काय चाललंय याचा संबंधच नाही. मी दहा मिनिटं एकाच शीटवर बोलत बसलो तरी मीटर तेवढाच फिरतो, कारण CBR मध्ये x264, म्हणजे चित्र आवळून साठवणारा एन्कोडर, उरलेली जागा चक्क भरताड घालून भरतो. आणि मी झरझर स्क्रोल केलं, जेव्हा खरी गरज होती, तेव्हा 2500 पुरत नव्हते आणि आकड्यांचा लगदा व्हायचा.

आता माझा आवडता राग. फाइल लहान व्हावी म्हणून मी ‘Output (Scaled) Resolution’ 1280x720 ठेवलं होतं. लॅपटॉपचा पडदा 1920x1080. पण CBR मध्ये रेझोल्युशन कमी केल्याने फाइल एका एमबीनेही कमी होत नाही! 2500 म्हणजे 2500, चित्र केवढंही असो. म्हणजे तीन महिने मी आकडे बिघडवले आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. शिवाय 1080 चं 720 करताना दीड पिक्सेलचा एक पिक्सेल होतो. सिनेमात हे कळत नाही, पण एक्सेलच्या अंकाची उभी रेघ असते एक-दोन पिक्सेलची. ती शेजारच्या पांढऱ्यात मिसळून राखाडी होते. आठ आणि सहा यांच्यात फरक तेवढ्याच एका रेघेचा. हे नुकसान एन्कोडरकडे जायच्या आधीच झालेलं असतं, त्यामुळे मागाहून बिटरेट कितीही वाढवा, अक्षर परत येत नाही. तेव्हा वरचं ‘Base (Canvas) Resolution’ आणि खालचं, दोन्ही 1920x1080, पडद्याइतकंच. फोनवर अक्षर बारीक दिसतं म्हणाल, तर विंडोजमध्येच डिस्प्ले स्केल 150 टक्के करा. अक्षर मुळातच मोठं आणि रेखीव उमटतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट ही, आणि ती ओबीएसच्या बाहेरची आहे.

मग Output मध्ये Advanced निवडून, Recording च्या टॅबमध्ये x264 आणि रेट कंट्रोल CRF केलं. इथे बिटरेट सांगायचाच नाही. दर्जाचा आकडा सांगायचा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, आणि साधारण सहाने वाढवला की फाइल निम्म्यावर येते. पडदा स्थिर असेल तेव्हा खर्च जवळजवळ शून्य, हलला की हवा तेवढा. मी 18, 23 आणि 28 वर तोच दोन मिनिटांचा तुकडा घेतला: थोडं स्क्रोल, एक ड्रॉपडाउन, थोडी शांतता. 28 वर स्क्रोल थांबल्यावर अंक क्षणभर मळकट दिसायचे. 18 आणि 23 मधला फरक मला फोनवर ओळखता आला नाही, म्हणून 23. दोन मिनिटांच्या फाइलला तीसने गुणलं की तासाचा अंदाज मिळतो. तो आला आवाज सोडून 410 एमबी. खूश झालो, आणि तेव्हाच हा रिव्ह्यू लिहिणार होतो.

बरं झालं लिहिला नाही. तेव्हा मी छातीठोकपणे लिहिलं असतं की फ्रेम रेट 30 वरून 15 करा, फाइल निम्मी होईल. करून पाहिलं, जेमतेम दहावा हिस्सा वाचला. कारण उघड आहे: न हललेल्या फ्रेमला तसंही काही लागत नव्हतं, ती काढून वाचणार काय? (10 वर माउस बेडकासारखा उड्या मारतो, म्हणून 15 वर थांबलो.)

खरा चोर निघाला Keyframe Interval. स्ट्रीमिंगच्या सल्ल्याप्रमाणे तो 2 सेकंद होता. कीफ्रेम म्हणजे आधीच्या चित्राचा आधार न घेता साठवलेलं अख्खं चित्र. माझ्या शीटचं असं एक चित्र सुमारे 200 केबीचं. दर दोन सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला 6 एमबी, तासाला 360. पडदा हलो वा न हलो! 10 सेकंद केल्यावर हाच खर्च 72 वर आला, आणि आख्खा तास, आवाज सोडून, 120 च्या आत. तोटा एवढाच की पुढे-मागे सरकवताना काही प्लेअर कीफ्रेमवरच थांबतात, त्यामुळे उडी थोडी ढोबळ पडते. आणि अक्षरं दर दहा सेकंदांनी किंचित थरथरल्यासारखी दिसली तर ती कीफ्रेमचीच खूण. CRF एक-दोनने कमी केलं की ती दबते.

एक फजिती राहिली. ऋण रकमा मी लाल रंगात दाखवतो, आणि त्या काळ्यापेक्षा फिकट यायच्या. कारण रंग साठवायच्या नेहमीच्या NV12 पद्धतीत उजेड प्रत्येक पिक्सेलचा साठवतात, पण रंग चार पिक्सेल मिळून एकच. Advanced मध्ये Color Format हा I444, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा साठवणारा 4:4:4 प्रकार, केला आणि लाल अंक कोरल्यासारखे आले. शाबासकी घेणार, तोच तीन मुलांचे मेसेज: आवाज येतोय, पडदा काळा. बऱ्याच फोनांचा हार्डवेअर डीकोडर 4:4:4 वाचतच नाही. निमूट NV12 वर परत आलो, आणि आता लाल अंक गडद आणि ठळक करतो. एक्सेलमध्ये दोन क्लिकचं काम, त्यासाठी मी रात्र घालवली.

जुन्या फायली डिस्क अडवून बसल्या होत्या, त्या ffmpeg या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने अशा आवळल्या:

```
ffmpeg -i juna.mkv -c:v libx264 -crf 23 -preset slow -g 300 -c:a copy nava.mp4
```

जुनी रेकॉर्डिंग सेकंदाला 30 फ्रेमची, म्हणून -g 300 म्हणजे दर दहा सेकंदांना एक कीफ्रेम. 1.2 जीबीचे दीडशे-दोनशे एमबी झाले. आठ मात्र अजून सहाच दिसतो, म्हणून जुलैमधले रिटर्नचे तीन तास पुन्हा रेकॉर्ड करायला घेतलेत.