कॅटालेज, ऑक्सिडेज, इंडोल की कोॲग्युलेज: छोट्या लॅबच्या बेंचवर कशावर विसंबायचं?

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत स्वतःची छोटी कल्चर लॅब टाकणारा कुणी ना कुणी मला विचारतोच की ऑटोमेटेड मशीन परवडेपर्यंत बेंचवर कोणत्या टेस्ट ठेवायच्या. ठेवायच्या चारही. पण वेळ आणि पैसा कुठे ओतायचा, यात निवड आहे. मी ती केलेली आहे, त्यामुळे पुढचं वाचताना माझा कल गृहीत धरा.

कॅटालेज सगळ्यात स्वस्त. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, त्यात कॉलनी, लगेच बुडबुडे. ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय असतील तर हे पॉझिटिव्ह म्हणजे स्टॅफिलोकोकस किंवा त्याचा भाऊबंद; स्ट्रेप्टोकोकस आणि एन्टेरोकोकस बाद. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय असतील तर ती फारसं काही सांगत नाही, कारण आतड्यातले नेहमीचे सगळेच पॉझिटिव्ह येतात. ब्लड अगारवरून कॉलनी उचलताना खालचं अगार खरवडलं तर तांबड्या पेशींमधलं कॅटालेजच बुडबुडे काढतं. नायक्रोमचा लूपही तसाच फसवतो. लाकडी काडी वापरा, विषय संपला.

ऑक्सिडेज पॉझिटिव्ह म्हणजे त्या जिवाणूच्या श्वसनसाखळीत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ एवढाच, की लघवीतून किंवा जखमेतून आलेला बॅसिलस ई. कोलाय, क्लेबसिएलाच्या गटातला जवळजवळ नक्कीच नाही. स्यूडोमोनास, व्हिब्रिओ, एरोमोनास यांच्याकडे बघा. जांभळा रंग दहा सेकंदांत यायला हवा. मिनिटभराने आलेला रंग धरू नका, आणि मॅकॉन्की प्लेटवरून ही टेस्ट करू नका, तिथलं आम्ल घोळ घालतं. रिएजंट उघड्यावर आपोआप निळं-जांभळं पडतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच लवकर. त्यामुळे मी द्रावण बनवण्याऐवजी तयार डिस्क घेतो. महाग वाटतात, पण फेकून दिलेल्या बाटल्यांचा हिशोब केला तर तितक्या महाग नाहीत.

इंडोल मला आवडते, कारण ती एका प्रश्नाचं सरळ उत्तर देते: ट्रिप्टोफॅन फोडून इंडोल बनवणारं ट्रिप्टोफॅनेज आहे का? लघवीच्या प्लेटवर लॅक्टोज फर्मेंट करणारी, ऑक्सिडेज निगेटिव्ह कॉलनी आहे, पेप्टोन वॉटरमध्ये रात्रभर वाढवली, कोव्हॅक्स रिएजंट सोडलं आणि वर लाल कडं आलं, तर बहुतेक वेळा ई. कोलाय. कडं नाही आणि कॉलनी चिकट, तर क्लेबसिएला न्यूमोनिए. मात्र क्लेबसिएला ऑक्सिटोका इंडोल पॉझिटिव्ह असतो, म्हणून एकट्या इंडोलवर रिपोर्ट सोडू नये. फिल्टर पेपरवरची स्पॉट इंडोल लगेच उत्तर देते, पण मिश्र वाढीच्या प्लेटवरून ती नकोच. इंडोल अगारमध्ये पसरतं आणि शेजारची निगेटिव्ह कॉलनीही पॉझिटिव्ह वाटते.

आता कोॲग्युलेज. इथे खरी निवड आहे: स्लाइड की ट्यूब? दोघींचं नाव एक असलं तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. स्लाइडवर दिसतो तो क्लम्पिंग फॅक्टर. तो पेशीच्या भिंतीवर असतो, प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन थेट पकडतो आणि पेशींच्या गुठळ्या होतात. ट्यूबमध्ये पेशीबाहेर सोडलेलं कोॲग्युलेज प्रोथ्रॉम्बिनला चिकटतं आणि त्याची जोडी फायब्रिनोजेनचं फायब्रिन करते. याला कॅल्शियम लागत नाही, म्हणूनच ईडीटीएमधला प्लाझ्माही गोठतो.

स्लाइड दहा सेकंदांत उरकते, ट्यूबला चार तास लागतात. कागदावर स्लाइड जिंकते आणि मीही बरेच दिवस तीच करत होतो. मला वैताग आला तो तिच्या ‘थोडंसं दाणेदार’ दिसण्याचा. सलाइनचा कंट्रोलही किंचित दाणेदार, प्लाझ्माचा थेंब त्याहून जरा जास्त, आणि दोन टेक्निशियन दोन वेगळी उत्तरं देणार. मॅनिटॉल सॉल्ट अगारवरून उचललेल्या कॉलनीत तर हे हमखास, मिठामुळे पेशी आपल्या आपण चिकटतात. त्यात काही ऑरियस स्लाइडवर निगेटिव्हच येतात आणि लुगडुनेन्सिससारखा ऑरियस नसलेला पॉझिटिव्ह येऊ शकतो. लॅटेक्स किटने वाचन सोपं होतं हे मान्य, पण छोट्या लॅबमध्ये किट संपण्याआधी बऱ्याचदा त्याची मुदत संपते.

फरक किती पडतो ते एका केसवरून बघा. घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमधून पाठीवरच्या गळवाचा पू आला. ब्लड अगारवर पिवळसर कॉलनी, भोवती हिमोलिसिस, ग्रॅममध्ये घोस, कॅटालेज पॉझिटिव्ह. स्लाइडवर सलाइन स्वच्छ आणि प्लाझ्माही स्वच्छ. इथे थांबलो असतो तर ‘कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, त्वचेवरचा असावा’ असा रिपोर्ट गेला असता. सकाळी अकराला ट्यूब लावली, तीनला घट्ट गोठलेली. म्हणजे ऑरियस. सेफॉक्सिटिनच्या ३० मायक्रोग्रॅम डिस्कभोवती झोन होता २३ मिलिमीटर. सीएलएसआयच्या तक्त्यात ऑरियससाठी २२ आणि वर म्हणजे सेन्सिटिव्ह. बहुतेक कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफसाठी २४ आणि खाली म्हणजे रेझिस्टंट. तोच झोन, तीच प्लेट, पण नाव चुकलं असतं तर रुग्णाला मेथिसिलिन रेझिस्टंटचा शिक्का बसला असता.

ट्यूबचीही कटकट आहेच. ती फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली तर फसाल. काही ऑरियस स्टॅफिलोकायनेज बनवतात, ते ३७ अंशांवर झालेली गुठळी पुन्हा विरघळवतं आणि सकाळी पातळ प्लाझ्मा दिसतो. म्हणून एक, दोन आणि चार तासांनी बघायचं, तोवर निगेटिव्ह असेल तरच रूम टेंपरेचरला रात्रभर ठेवायचं. बघताना हलवायचं नाही. विरजण लागलंय का बघायला पातेलं जसं कलतं करतात तसं कलतं करायचं. हा वेळ सांभाळणारा माणूस तुमच्याकडे दिवसभर नसेल, सॅम्पल संध्याकाळीच येत असतील, तर स्लाइड आधी आणि निगेटिव्ह आलेल्यांनाच ट्यूब, ही तडजोड वाईट नाही. त्यात लुगडुनेन्सिस ऑरियस म्हणून निसटू शकतो, एवढं लक्षात असू द्या.

प्लाझ्मावर मात्र काटकसर करू नये असं मला वाटतं. ब्लड बँकेतला मुदत संपलेला मानवी प्लाझ्मा बरेच जण वापरतात, पण त्यातल्या अँटीबॉडीजमुळे निकाल डळमळतो, आणि तो सायट्रेटमधला असतो. एन्टेरोकोकससारखे काही जिवाणू सायट्रेट खातात, कॅल्शियम मोकळं होतं आणि कोॲग्युलेज नसतानाही प्लाझ्मा गोठतो. कॅटालेज आधी करून घेतली असेल तर एन्टेरोकोकस तिथेच गळतो. तरी ईडीटीएमधला फ्रीज ड्राय सशाचा प्लाझ्मा घ्या, विरघळवल्यावर अर्ध्या मिलिलिटरचे भाग करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि एकदा वितळवलेला पुन्हा गोठवू नका. प्रत्येक बॅचबरोबर एक ऑरियस, एक एपिडर्मिडिस आणि एक नुसत्या प्लाझ्माची ट्यूब लावा. नुसती ट्यूब गोठली तर ती बॅच टाकून द्या, त्या दिवशीचे रिपोर्ट संध्याकाळी गेले तरी चालतील.