सीएफएल की एलईडी: आधी कोणत्या खोलीत?

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, लुमेन म्हणजे किती उजेड देतो. सैपाकघरातला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन देतो, म्हणजे वॅटमागे जेमतेम १२. १५ वॅटची सीएफएल वॅटमागे ५५-६०, तर ९ वॅटची एलईडी ९०-१००. दोघींचा उजेड जवळपास सारखाच.

आता हिशेब करू. रोज पाच तास लावला तर पिवळा बल्ब महिन्याला ९ युनिट खातो, सीएफएल सव्वादोन, एलईडी १.३५. म्हणून पैसे आधी पिवळा बल्ब बदलण्यावर घाला. ओसरीतली चालू सीएफएल एका युनिटासाठी काढू नका, जळेपर्यंत चालू द्या.

न्हाणी मात्र वेगळी. तिथे बटण सारखं चालू-बंद होतं, त्याने सीएफएल लवकर मरते, शिवाय पूर्ण उजेड यायला वेळ लागतो. तिथे एलईडीच. गोठ्यातही एलईडीच, कारण सीएफएल फुटली तर पारा सांडतो.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं, ही आपल्याकडची जुनीच रड. सीएफएल तेव्हा लुकलुकते. खोक्यावर १००-३०० व्होल्ट लिहिलेली एलईडी सहसा तशीच उजेड देत राहते. खोक्यावर लुमेनच छापलेले नसतील, तर तो बल्ब दुकानातच राहू द्या.