प्रश्नाची काठिण्यपातळी: टक्केवारी की प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्त?

सर्व विद्यार्थी एकच प्रश्नसंच सोडवतात तेव्हा बरोबर उत्तरांची टक्केवारी प्रश्नांचा काठिण्यक्रम पुरेसा नीट दाखवते. मात्र संच वेगळे असले की त्या आकड्यात प्रश्नाचा अवघडपणा आणि तो सोडवणाऱ्यांची क्षमता एकमेकांत मिसळून जातात.

समजा, ‘प’ हा प्रश्न केवळ सरस गटाने आणि ‘फ’ केवळ कच्च्या गटाने सोडवला, आणि दोन्हींची टक्केवारी ५० आली. टक्केवारीनुसार दोन्ही प्रश्न सारखेच ठरतात. आता दोन्ही संचांत असलेला ‘म’ हा प्रश्न पाहा: सरस गटात तो ७३ टक्क्यांना, तर कच्च्या गटात २७ टक्क्यांना जमला. प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्त विद्यार्थ्यांची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी वेगवेगळी मोजतो; राश हे त्यातले साधे प्रारूप, आणि त्यात बरोबर-चूक प्रमाणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम म्हणजे क्षमता वजा काठिण्यपातळी, ज्याचे एकक लॉजिट. ‘म’साठी तो घेतला, की पहिल्या गटासाठी सुमारे +१ आणि दुसऱ्यासाठी −१ मिळतो. प्रत्येक गटातल्या विद्यार्थ्यांची क्षमता आपापसांत जवळपास एकसारखी मानली, तर दोन गटांत २ लॉजिटचे अंतर आहे, म्हणून ‘प’ हा ‘फ’पेक्षा २ लॉजिटने अवघड ठरतो, कच्च्या गटाला तो दिला असता, तर जेमतेम १२ टक्क्यांना सुटला असता.

हे सारे ‘म’वर उभे आहे, हे विसरता कामा नये. सामाईक प्रश्नच नसतील आणि प्रत्येक गटाची सरासरी क्षमता शून्य धरली, तर हा सिद्धान्तही ‘प’ आणि ‘फ’ यांना समानच ठरवतो. प्रत्यक्षात दोन गटांना जोडणाऱ्या ‘म’सारख्या एकाच दुव्यावर विसंबू नये: अनेक सामाईक प्रश्नांच्या दोन्ही गटांतील काठिण्यपातळ्या आलेखावर मांडाव्यात, आणि एकास एक उताराच्या रेषेपासून दूर पडणारा प्रश्न दुवा म्हणून वगळावा. संच यादृच्छिकपणे वाटले असतील, तर माझ्या मते साधी टक्केवारीच पुरते.